पैसे हॉटेलवर, परतावा नाही आणि १५ मार्चची मुदत

क्योटोतल्या हॉटेलचे आरक्षण पक्के झाल्याची हिरवी खूण स्क्रीनवर उमटली आणि तिच्याखाली तीन ओळी दिसल्या. पहिली `Pay at property`, दुसरी `Non-refundable` आणि तिसरी `Free cancellation until 15 Mar 2025, 23:59 JST`. तिन्ही एकाच चौकटीत, एकाच आकाराच्या अक्षरांत होत्या. सरळ वाचल्या तर त्या एकमेकींना खोडून काढतात असेच कोणालाही वाटेल, कारण पैसे अजून दिलेलेच नाहीत तर परत न मिळण्याचा प्रश्न कुठे येतो, आणि परत मिळणारच नसतील तर १५ मार्चपर्यंत फुकट रद्द करण्याची सोय कशासाठी? त्या तीन ओळींचा उलगडा करण्यात आणि पुढे त्यातली प्रत्येक ओळ प्रत्यक्ष अनुभवण्यात आमचा जानेवारी ते मार्च हा काळ गेला. परदेशात हॉटेल ठरवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला नेमके कुठे अडखळायला होते हे त्यात मला स्वच्छ दिसले, म्हणून ते सविस्तर लिहिते.

मार्चच्या अखेरीस साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलोऱ्याचा हंगाम असतो आणि क्योटोमध्ये त्या दिवसांत खोल्या लवकर संपतात. मी, माझा नवरा आणि माझे आई-बाबा असे चौघे २९ मार्च ते १ एप्रिल तीन रात्री राहणार होतो. आम्हा दोघांच्या रजा मंजूर झाल्या होत्या आणि आमचे जाणे ठरलेले होते. बाबांच्या गुडघ्याचे मात्र काही सांगता येत नव्हते, कारण डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढून ठेवला होता आणि तारीख दिलेली नव्हती. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन खोल्या मी जाणूनबुजून दोन वेगळ्या दरांनी घेतल्या. आमची खोली परतावा नसलेल्या दराने, रात्रीला २२,००० येन. आई-बाबांची खोली मुदतीपर्यंत रद्द करता येणाऱ्या दराने, रात्रीला २५,५०० येन. खोली तीच, पलंग तेच, खिडकी त्याच बाजूची. जास्तीचे ३,५०० येन हे केवळ मन बदलण्याच्या मुभेचे होते. तीन रात्रींचा हिशेब धरला तर ही मुभा १०,५०० येनांना, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहा हजार रुपयांच्या आत पडत होती. बाबांच्या गुडघ्याकडे पाहता ती मला मुळीच महाग वाटली नाही.

आरक्षण करताना संकेतस्थळावर खोलीच्या प्रत्येक दरासमोर किती खोल्या हव्यात त्याचा रकाना असतो. मी दोन्ही दरांसमोर एकेक आकडा निवडला आणि दोन्ही खोल्या एकाच आरक्षण क्रमांकाखाली आल्या. गोंधळाचे मूळ तिथेच आहे. पक्के झाल्याची स्क्रीन ही संपूर्ण आरक्षणाचा सारांश दाखवते. एका खोलीची अट आणि दुसऱ्या खोलीची अट ती शेजारी शेजारी मांडते, पण कोणती अट कोणत्या खोलीची हे तिथल्या तिथे सांगत नाही. त्यासाठी खाली जाऊन प्रत्येक खोलीचा तपशील वेगळा उघडावा लागतो. तो उघडल्यावर चित्र स्पष्ट झाले. `Room 1` खाली रद्द करण्याचा खर्च आजपासूनच ६६,००० येन दाखवला होता. `Room 2` खाली १५ मार्चपर्यंत शून्य आणि १६ मार्चपासून पूर्ण ७६,५०० येन. म्हणजे मुदतीची ओळ फक्त दुसऱ्या खोलीची होती, परतावा नसल्याची ओळ फक्त पहिल्या खोलीची होती, आणि पैसे हॉटेलवर देण्याची ओळ दोन्ही खोल्यांना सारखी लागू होती.

इथे एक काम मी आरक्षणाच्या वेळीच करून ठेवले होते आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. प्रत्येक खोलीसाठी मुख्य पाहुण्याचे नाव वेगळे लिहिता येते. पुष्कळ जण सगळीकडे स्वतःचेच नाव टाकतात. मी पहिल्या खोलीला माझे आणि दुसऱ्या खोलीला बाबांचे नाव दिले. दोन्ही खोल्या एकाच प्रकारच्या असल्या की त्यांचे वर्णन अक्षरशः सारखे दिसते आणि नाव सोडले तर त्या ओळखायला दुसरी पटकन सापडणारी खूण उरत नाही.

बाबांना मी सगळा तपशील वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "अगं, पैसे तिथे गेल्यावरच द्यायचे आहेत ना? मग नाही गेलो तर मागायला कोण येतंय?" हा समज फार सार्वत्रिक आहे आणि तो आपल्याकडच्या अनुभवातून आलेला आहे. भारतात कार्डाने ऑनलाइन पैसे द्यायचे तर साधारणपणे ओटीपी लागतो आणि ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला किंवा संकेतस्थळाला कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे महाबळेश्वरच्या किंवा गोव्याच्या हॉटेलात पाहुणा आलाच नाही, तर त्याच्या कार्डावरून परस्पर पैसे काढून घेणे हॉटेलवाल्याला सहसा जमत नाही. म्हणूनच तिकडून आरक्षणानंतर फोन येतो आणि थोडी रक्कम यूपीआयने आगाऊ मागितली जाते. परदेशातल्या हॉटेलाची गोष्ट वेगळी आहे. आपण दिलेला कार्डाचा क्रमांक संकेतस्थळ हॉटेलकडे पोहोचवते, हॉटेल तो आपल्या यंत्रात टाकते आणि तिकडच्या व्यापाऱ्याने टाकलेल्या अशा व्यवहाराला आपल्याकडचा ओटीपी लागतोच असे नाही. `Pay at property` ही ओळ एवढेच सांगते की पैसे संकेतस्थळ घेणार नाही, हॉटेल घेईल. तुम्ही पैसे देणे लागता की नाही हे ती ओळ ठरवत नाही.

किंबहुना हॉटेल पैसे केव्हा घेईल हेही त्या ओळीवरून कळत नाही. पैसे हॉटेलवर द्यायचे म्हणजे पोहोचल्यावर काउंटरपाशी द्यायचे, असे आपण गृहीत धरतो. पण पहिल्या खोलीच्या तपशिलात, पैसे देण्याच्या अटींखाली, बारीक अक्षरांत एक वाक्य होते की परतावा नसलेल्या दराची पूर्ण रक्कम हॉटेल आरक्षणानंतर कधीही कार्डावर टाकू शकेल. दुसऱ्या खोलीखाली असे वाक्य नव्हते; तिथे रक्कम मुक्कामाच्या वेळी घेतली जाईल असे म्हटले होते. वर मोठ्या अक्षरांत दोन्ही खोल्यांना मिळून एकच ओळ होती आणि तिचा अर्थ मात्र खोलीगणिक बदलत होता. हॉटेलच्या बाजूने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे. स्वस्त दर देताना त्याने खोली विकली गेल्याची खात्री विकत घेतलेली असते आणि ती खात्री रक्कम हातात आल्याखेरीज पुरी होत नाही. माझी हरकत एवढीच आहे की हे वाक्य पक्क्या आरक्षणाच्या स्क्रीनवर, पहिल्या ओळीला लागून छापायला हवे. तीन ठिकाणी दाबून उघडणाऱ्या तपशिलात ते ठेवू नये.

एकाच खोलीवरही परतावा नसणे आणि मुदत या दोन्ही ओळी एकत्र दिसू शकतात, हे इथेच सांगून टाकते, कारण आमच्या मेहुण्यांना कॅलिफोर्नियातल्या आरक्षणावर तसे दिसले आणि ते गोंधळून गेले. त्या राज्यात १ जुलै २०२४ पासून असा कायदा लागू आहे की हॉटेलात पोहोचण्याच्या वेळेच्या ७२ तास किंवा त्याहून आधी आरक्षण केले असेल, तर ते पक्के झाल्यापासून निदान २४ तास कोणताही दंड न घेता रद्द करू द्यावे लागते. त्यामुळे दर परतावा नसलेला असला तरी पहिल्या दिवसापुरती मुदत स्क्रीनवर येते. काही हॉटेले असा कायदा नसलेल्या ठिकाणीही चुकून झालेल्या आरक्षणांसाठी स्वतःहून थोड्या तासांची सवलत देतात. अशा वेळी मुदतीची तारीख आरक्षणाच्या दिवसाला चिकटून असते. आमच्या बाबतीत ती मुक्कामाच्या बरोबर चौदा दिवस आधीची होती, यावरूनच ती सवलतीची मुदत नव्हे तर दुसऱ्या दराची मूळ अट आहे असा अंदाज आला आणि खोलीच्या तपशिलाने तो खरा ठरवला.

आता मुदतीची वेळ. `23:59 JST` मधली शेवटची तीन अक्षरे जपानची प्रमाणवेळ सांगतात. जपानची घड्याळे आपल्यापुढे साडेतीन तास आहेत, म्हणून तिथे रात्रीचे ११:५९ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे ८:२९ झालेले असतात. १५ मार्चला शनिवार होता. शनिवारी रात्री जेवणे उरकून, निवांत बसून निर्णय घेऊ असे कोणी म्हटले असते तर ७६,५०० येन गेले असते, कारण आपल्याकडे साडेआठ वाजता क्योटोत १६ तारीख उजाडलेली असते. पश्चिमेकडे जाताना हाच हिशेब आपल्या बाजूने पडतो. पॅरिसमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना रात्री ११:५९ ची मुदत असेल, तर आपल्याला दुसऱ्या दिवशी पहाटे ३:२९ पर्यंत अवधी मिळतो. मात्र काही संकेतस्थळे वेळेसोबत कोणत्या देशाची वेळ हे लिहीतच नाहीत. तिथे ती हॉटेलच्या गावची वेळ आहे असे धरून चालणे बरे, आणि पूर्वेकडच्या देशासाठी तर ते आवश्यकच आहे. मी फोनमधल्या कॅलेंडरात १३ मार्च, संध्याकाळी सहा अशी आठवण लावली. मुदतीच्या शेवटच्या तासात नेट गेले, पासवर्ड आठवला नाही किंवा पान उघडले नाही, तर आपली बाजू ऐकायला त्या वेळी कोणी नसते.

आरक्षणानंतर थोड्याच दिवसांनी पहिल्या खोलीच्या त्या बारीक वाक्याने आपले अस्तित्व दाखवले. सकाळी सातच्या सुमारास बँकेचा एसएमएस आला की ६६,००० येनांचा व्यवहार नाकारला गेला आहे, कारण कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद आहेत. ते मीच बंद ठेवते. लागेल तेव्हा बँकेच्या ॲपमधून चालू करते. तासाभरात ईमेल आली: तुमचे कार्ड चालत नाही, २४ तासांत नवीन माहिती द्या, अन्यथा हॉटेल आरक्षण रद्द करू शकेल. खाली निळे बटण होते.

ते बटण मी दाबले नाही, आणि का दाबले नाही ते सांगितले पाहिजे. हॉटेलच्या नावाने, खरा आरक्षण क्रमांक आणि खऱ्या तारखा घालून, कार्डाची पडताळणी करा नाहीतर आरक्षण रद्द होईल असे धमकावणारे फसवे संदेश हा आता जगभर चालणारा धंदा आहे. हॉटेलच्या कर्मचाऱ्याचे खाते हाती लागले की चोरांना पाहुण्यांची सगळी माहिती मिळते आणि काही वेळा तर संदेश संकेतस्थळाच्या आतल्या संदेशपेटीतूनच येतो. त्यामुळे मजकूर बरोबर आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. मी ईमेल बाजूला ठेवली, फोनमधले ॲप स्वतः उघडले आणि आरक्षणाच्या पानावर गेले. तिथे पहिल्या खोलीवर लाल पट्टीत तीच सूचना होती आणि कार्ड बदलण्याची सोय त्याच पानावर होती. शिवाय बँकेने नाकारलेली रक्कम पहिल्या खोलीच्या रकमेशी येनापर्यंत जुळत होती आणि व्यापारी म्हणून हॉटेलचेच नाव दिसत होते. फसवा संदेश असता तर या तीन गोष्टी एकत्र जुळल्या नसत्या. मग बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू केले, त्यांची मर्यादा ४०,००० रुपयांवर आणली, संकेतस्थळावर तेच कार्ड पुन्हा भरले आणि हॉटेलला संदेशपेटीतून कळवले की आता रक्कम घेऊन पाहावी.

दुसऱ्या दिवशी रक्कम गेली. ओटीपी आला नाही. सरळ व्यवहार झाल्याचाच एसएमएस आला. एका येनाला साधारण ५६ पैसे धरले तर ६६,००० येनांचे सुमारे ३७,००० रुपये होतात, पण बिलात सुमारे ३८,५०० दिसले. वरची रक्कम परकी चलनातल्या व्यवहारावर बँक लावते त्या साडेतीन टक्के आकाराची आणि त्या आकारावरच्या अठरा टक्के जीएसटीची. स्क्रीनवर रुपयांतला आकडा केवळ अंदाज म्हणून दिलेला असतो. करार येनांत असतो आणि हॉटेल ज्या दिवशी रक्कम घेते त्या दिवसाच्या भावाने रुपये ठरतात. व्यवहार पुरा झाल्यावर मी परदेशी व्यवहार पुन्हा बंद केले. दुसऱ्या खोलीवर त्या आधी काही टाकलेले नव्हते आणि टाकायचेही नव्हते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी बाबांची शस्त्रक्रिया महिन्याअखेर करायची असे ठरवले. आई अर्थातच त्यांच्याजवळ राहणार होती. आई-बाबांनी आम्हाला जाण्याचा आग्रह केला आणि माझा धाकटा भाऊ रजा घेऊन पुण्याला यायला तयार झाला, म्हणून आम्ही दोघांनी जायचे ठरवले. नवऱ्याने एकदा सुचवून पाहिले की सगळेच नोव्हेंबरात न्यावे, पानगळीचे क्योटोही सुंदर असते. आम्ही हॉटेलला विचारले. उत्तर अतिशय नम्र होते आणि ठाम होते: या दरात तारीख बदलता येत नाही. परतावा नसलेल्या दराचा हा दुसरा अर्थ पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पैसे परत नकोत, फक्त तारीख पुढे ढकला, ही विनंती आपल्याला साधी वाटते. हॉटेलच्या दृष्टीने साकुराच्या दिवसांतली खोली रिकामी पडणे आणि नोव्हेंबरातली दुसरी खोली अडणे असे दोन्हीकडून नुकसान असते. विनंती करायला हरकत नाही, कधी कधी हॉटेल ऐकतेही, पण तो त्याच्या मर्जीचा भाग आहे, आपल्या हक्काचा नाही.

दुसरी खोली रद्द करणे हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग होता. आरक्षणाच्या पानावर वरच्या बाजूला, चटकन डोळ्यांत भरेल असे `Cancel booking` हे बटण होते. ते सबंध आरक्षणाचे. ते दाबून पुढच्या पायऱ्या न वाचता गेले असते तर दोन्ही खोल्या सुटल्या असत्या आणि पहिल्या खोलीचे ६६,००० येन हॉटेलकडे राहिले असते. म्हणजे पैसे भरलेली खोली आम्ही स्वतःच सोडून दिली असती. एकेक खोली रद्द करण्याचा दुवा खाली, त्या त्या खोलीच्या तपशिलात होता: `Cancel this room`. दोन्ही खोल्यांचे वर्णन, चित्र, पाहुण्यांची संख्या सगळे सारखे होते. बाबांचे नाव असलेली खोली मी उघडली, त्याखाली मुदतीची तारीख आहे हे पुन्हा पाहिले आणि मगच दुवा दाबला.

पुढच्या पानावर कारण विचारले होते. ते हिशेबाला महत्त्वाचे नव्हते, पण मी खरे कारण निवडले. त्यानंतरचे पान खरे महत्त्वाचे. तिथे लिहिले होते की कोणती खोली रद्द होत आहे, पाहुणा कोण आहे, आणि `Cancellation fee: ¥0`. याच पानावर थांबून वाचायचे असते, कारण शेवटचे बटण दाबेपर्यंत काहीही बदललेले नसते आणि दाबल्यावर मागे फिरता येत नाही. शुल्काच्या जागी ७६,५०० किंवा ६६,००० दिसले असते तर आपण चुकीच्या खोलीवर आहोत किंवा मुदत उलटली आहे हे तिथेच कळले असते. मी त्या पानाचा, वरची फोनची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला आणि शेवटचे बटण दाबले.

दोन मिनिटांत ईमेल आली. तिच्या विषयात केवळ रद्द झाले एवढेच होते, त्यामुळे क्षणभर काळजात धस्स झाले. उघडल्यावर मात्र रद्द झालेली खोली बाबांच्या नावाची होती आणि शुल्क शून्य होते. तेवढ्यावर मी समाधान मानले नाही. आरक्षणाच्या पानावर परत जाऊन पहिली खोली पक्की म्हणून दिसते का, एकूण रक्कम १,४२,५०० वरून ६६,००० वर आली का आणि नवीन पीडीएफमध्ये एकच खोली आहे का, हे पाहिले. जुनी पीडीएफ काढून टाकली, कारण प्रवासात भलताच कागद पुढे करण्याचा धोका असतो. हॉटेललाही दोन ओळी लिहिल्या की एक खोली रद्द केली आहे, दुसरीत आम्ही दोघे येत आहोत, कृपया तुमच्या यादीत तसेच आहे ना ते सांगावे. त्यांचे होकाराचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ही चौकशी मला अनाठायी वाटत नाही. संकेतस्थळावरचा बदल हॉटेलच्या यंत्रणेत आपोआप जातो, पण तो तिकडे नीट उतरला की नाही हे हॉटेलच सांगू शकते.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे साडेतीन हजार येन रात्रीला जास्त द्यायचे होते, तेही वाचले की." ते खरे होते. मुभेचा दर जास्त असतो, पण मुदतीच्या आत खोली सोडली तर जास्तीचा दरही द्यावा लागत नाही. तो भुर्दंड फक्त प्रत्यक्ष राहणाऱ्याला पडतो. म्हणून जाण्याबद्दल खरोखर शंका असेल तेव्हा स्वस्त दराचा मोह धरण्यात मला शहाणपण दिसत नाही. ज्याचे जाणे पक्के आहे त्याने स्वस्त दर घ्यावा, आणि घेतल्या क्षणी ती रक्कम खर्च झाली असे समजावे.

२९ मार्चला दुपारी आम्ही क्योटोला पोहोचलो. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिले आणि पुढे ठेवलेल्या कागदावर खोलीचे ६६,००० येन आणि निवासकराचे १,२०० येन अशा दोन रकमा होत्या. तिच्या यंत्रात आरक्षणावर `Pay at property` असेच लिहिलेले होते, त्यामुळे रक्कम यायची आहे असे तिने धरले. मी कार्डाचे जानेवारीचे बिल फोनवर उघडून ठेवलेच होते. त्यात हॉटेलचे नाव, तारीख आणि येनांतली रक्कम होती. ती आत जाऊन आली, वरिष्ठांनी त्यांच्याकडची जानेवारीची नोंद काढली आणि खोलीची रक्कम कागदावरून वजा झाली. तिने दोनदा वाकून क्षमा मागितली. निवासकर मात्र वेगळा होता. क्योटो शहर तो ऑक्टोबर २०१८ पासून घेते आणि आम्ही गेलो तेव्हा माणशी रात्रीला २०,००० येनांच्या आतल्या मुक्कामाला तो माणशी रात्रीला २०० येन होता. आमची खोली माणशी ११,००० येनांची, म्हणून दोन माणसांचे तीन रात्रींचे १,२०० येन. आरक्षणाच्या स्क्रीनवर तो एकूण रकमेत धरलेला नव्हता. कर हॉटेलवर वेगळा घेतला जाईल असे खाली लिहिलेले होते.

१,२०० येन मी रोख दिले आणि दोन पावत्या मागितल्या, एक जानेवारीत घेतलेल्या रकमेची आणि एक त्या दिवशीच्या कराची. दोन्हींवर खोलीचा क्रमांक आणि माझे नाव होते. निघण्याच्या दिवशी काउंटरवर फक्त किल्ली द्यायची होती, आणि एप्रिलच्या कार्डाच्या बिलात हॉटेलच्या नावाने दुसरी कोणतीही रक्कम आली नाही.